चिमटा

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला प्रमाणपत्र दिल्याची बातमी पेपरात होती. ट्रॅकोमा, म्हणजे आपल्याकडे ज्याला खुपऱ्या म्हणतात तो डोळ्यांचा रोग, 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' म्हणून या देशातून संपला. मी काकूला बातमी वाचून दाखवली. मला वाटतं, चांगल्या बातम्या घरात मोठ्यानं वाचाव्यात.

काकू नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाठ करून बसली होती. उजेड तिला सोसत नाही. पदराच्या टोकानं डोळा टिपत म्हणाली, "संपला का? बरं झालं. आम्हाला बिकानेरला लहानपणी सगळ्यांना होता तो. तिकडे रोहे म्हणायचे." आणि मग पुढे, "जरा चिमटा आण रे. उजवीकडचा परत टोचतोय."

मी चिमटा आणला. खिडकीपाशी तिचं तोंड उजेडाकडे केलं, वरची पापणी अंगठ्यानं उचलली, आत वळलेला केस शोधला आणि उपटला. पेपर शेजारीच पडला होता. ती बातमी तिच्याबद्दलच आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

हा लेख भांडण्यासाठी लिहितोय. भांडण आधी माझ्याशी आहे, मग आमच्या घरातल्यांशी (वाचत असाल तर वाचा), आणि मग डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्यांशी. बरीच वर्षं ज्याला आम्ही उपचार समजत होतो तो उपचार नव्हता, आणि हे सांगायला तीस वर्षं लागू नयेत.

आमच्या नातेवाइकांना काकूची कथा माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकूचे वडील रेल्वेत होते. बदली बिकानेरला झाली आणि काकूचं सगळं बालपण तिकडे गेलं. धूळ, माश्या, मोजून मापून वापरायचं पाणी. सहा भावंडं एका खोलीत झोपायची आणि एकाच टॉवेलला तोंड पुसायची. आई संध्याकाळी सगळ्यांना रांगेत बसवून एकाच बोटानं काजळ घालायची. लग्न होऊन १९६९ साली ती खोपोलीला आली. घाटाच्या पायथ्याचा हा पावसाळा पाहून म्हणे ती पहिले दोन महिने नुसती दारात बसून राहिली होती. येताना माहेरून आणलेल्या वस्तूंत एक पितळी कडी होती. तिला कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा अडकवलेला. काटे काढायचा तो चिमटा.

पंचेचाळिशीच्या सुमारास तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटायचं, चूल नसतानाही धूर लागल्यासारखं. तिनंच आरशात पाहून शोधून काढलं की पापणीचे दोन केस आत वळलेत. "परवाल आहे, माझ्या आजीलाही होतं," असं तिनं आम्हाला सांगितलं. तिकडे आत वळलेल्या केसाला परवाल म्हणतात आणि तो चिमट्यानं काढतात. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. "तुझे डोळे तरणे आहेत," म्हणून चिमटा माझ्या हातात आला. तो पुढे तीस वर्षं माझ्याच हातात राहिला.

आता यात काय चुकत होतं ते सांगतो. मला हे उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं.

खुपऱ्या हा क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस नावाच्या जिवाणूचा संसर्ग. बोटं, टॉवेल, माश्या यांतून तो मुलामुलांत फिरतो. एकदा झाला तर फार बिघडत नाही. पण लहानपणी तो पुन्हा पुन्हा होत राहिला, की वरच्या पापणीच्या आतल्या अस्तराला दर वेळी सूज येते आणि बरं होताना तिथे व्रण राहतो. मूल मोठं होतं, संसर्ग जातो, जिवाणूही जातो, व्रण मात्र राहतो. भाजलेल्या जागेची कातडी जशी हळूहळू आखडते तसा हा व्रणही वर्षानुवर्षं आखडत जातो. पापणीच्या आत टार्सस नावाची एक ताठ पट्टी असते, पापणीला आकार देणारी. आखडणारं अस्तर या पट्टीला आत ओढतं. पापणीची कडा आत वळते आणि कडेवरचे केस बुबुळाला लागतात.

म्हणजे दोष केसाचा नाही, केस जिथे उगवतो त्या कडेचा आहे. केस सरळच उगवत असतो, कडाच आत फिरलेली असते. मी तीस वर्षं केसाला शिक्षा करत होतो.

उपटलेला केस साधारण सहा ते आठ आठवड्यांत परत येतो. नवा केस सुरुवातीला आखूड असतो आणि आखूड केस लांब केसापेक्षा जास्त टोचतो. घरच्या चिमट्यानं तो कधी मुळासकट निघतो, कधी मध्येच तुटतो. तुटला की खुंट राहतो, आणि तो खुंट घासायला बरोबर बुबुळाच्या उंचीवर असतो. माणूस मिनिटाला सरासरी पंधरा वेळा पापणी मिटतो. जागेपणीच्या सोळा तासांत हे चौदा हजारांच्या वर जातं. तेवढ्या वेळा तो खुंट बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर फिरतो. या पडद्याला पारपटल म्हणतात. त्यावर ओरखडे उठतात, ओरखड्यात दुसरा जंतू शिरला तर जखम पिकते, आणि भरून आली की तिथे पांढरा डाग राहतो. काच एकदा अशी दुधाळ झाली की थेंबांनी ती परत स्वच्छ होत नाही.

काकूचा उजवा डोळा असा गेला. एका रात्रीत नाही. २०११ च्या आसपास एकदा डोळा लाल झाला, फार दुखला, थेंब घातले, आठ दिवसांत उतरला. पुन्हा २०१७ मध्ये तेच. दर वेळी आम्ही म्हणालो, "बरा झाला." डोळा बरा झाला नव्हता, डाग पडला होता.

मधल्या काळात कुणी डॉक्टर पाहिलाच नाही असंही नाही. एकानं ॲलर्जी म्हणून थेंब दिले, एकानं डोळे कोरडे पडलेत म्हणून वेगळे थेंब दिले. पापणी उलटून कुणी पाहिली नाही. नावं लिहीत नाही, कारण मुद्दा नावांचा नाही. कोकणात हा रोग कधी फारसा नव्हता. त्याची घरं राजस्थान, हरियाणा, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेश. त्यामुळे इथल्या डॉक्टरच्या मनात खुपऱ्या येतच नाहीत. पण माणसं गाडीत बसतात! खोपोलीच्या बाजारपेठेत मारवाडी दुकानदार तीन-तीन पिढ्या आहेत, कारखान्यांत उत्तरेकडून आलेले कामगार आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आया आहेत. रोग त्यांच्या गावी संपला असेल, व्रण त्यांच्याबरोबर इथे आलाय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गावात मोतीबिंदूचं शिबिर भरलं. शाळेच्या वर्गात रांग, प्रत्येकाच्या डोळ्यात टॉर्च, माणशी दीड मिनिट. काकूच्या कागदावर शिक्का पडला, 'दोन्ही डोळे मोतीबिंदू, शस्त्रक्रिया.' आम्ही खूश झालो. दिसत नाही त्याचं कारण सापडलं, आता भिंग बसेल आणि प्रश्न मिटेल. शिबिरवाल्यांच्या गाडीनं न जाता आम्ही तिला पनवेलला एका नेत्र रुग्णालयात नेलं. केवळ गाडीत तिला उलट्या होतात आणि लोकल तिला सोसते म्हणून. खोपोलीहून कर्जत, कर्जतहून कल्याण, तिथून ठाणे मार्गे पनवेल असा उलटा फेरा करून. या उलट्यांचे आमच्यावर उपकार आहेत.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मोतीबिंदूबद्दल काही बोलायच्या आधी काकूला खाली बघायला सांगितलं, पापणीचे केस चिमटीत धरले, वरून एक काडी टेकवली आणि पापणी उलटी केली. दोन सेकंदांचं काम. मला म्हणाल्या, "या, बघा." आतलं अस्तर गुलाबी आणि गुळगुळीत असायला हवं. तिथे पांढऱ्या रेघा होत्या, कडेला समांतर एक जाड रेघ आणि तिला जोडलेल्या बारीक जाळ्या. "लहानपणी कुठे होतात?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाली, "बिकानेर." त्या नुसत्या मान हलवून हसल्या.

मग मोजदाद झाली. उजव्या डोळ्याला सात केस लागत होते, त्यांतले चार थेट पारपटलाला. डाव्याला तीन. पापणीचा बराच भाग भुंडा होता, तो माझा पराक्रम. उजव्या डोळ्याची नजर ६/६०, मधोमध डाग. डावा ६/१८, डाग बाजूला. आणि पुढचं वाक्य असं, "मोतीबिंदू आहे, पण तो आत्ता करणार नाही. आधी पापणी." कारण घासणारे केस आणि ओरखडलेलं पारपटल असताना डोळा उघडून भिंग बसवलं, तर जंतू आत शिरण्याचा धोका वाढतो आणि डोळाच जाऊ शकतो. शिबिराच्या कागदावरच्या शिक्क्याप्रमाणे गेलो असतो तर? असो.

ऑपरेशन जानेवारी २०२५ मध्ये झालं, आधी उजवा आणि तीन आठवड्यांनी डावा. डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की आमच्याकडे सगळे घाबरतात, म्हणून काय करतात ते डॉक्टरांनी जसं समजावलं तसं लिहितो. यात डोळ्याला हात लावत नाहीत, काम पापणीचं असतं. आधी सुन्न करणारे थेंब, मग पापणीत भुलीचं इंजेक्शन. काकूच्या मते सगळ्यात वाईट भाग हाच. पापणी एका छोट्या धातूच्या पट्टीवर उलटी धरतात. मग आतल्या बाजूनं, कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर वर आणि कडेला समांतर, ते व्रणाचं अस्तर आणि टार्ससची पट्टी एका रेषेत कापतात. आता केसांची कडा असलेली खालची अरुंद पट्टी वरच्या ओढीतून सुटते. ती बाहेरच्या बाजूला फिरवतात आणि तिथेच राहावी म्हणून तीन टाके घालतात, ते बाहेर केसांच्या रेषेच्या जरा वर येतात. एका पापणीला अर्धा तासही लागला नाही. घरी येताना डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी, काही दिवस मलम, दहाव्या दिवशी टाके.

पहिल्या आठवड्यात पापणी जरा जास्तच बाहेर वळलेली दिसते. आमच्याकडे बघायला आलेल्या दोघी-तिघींनी "अगंबाई, उलटीच केली की पापणी!" असं काकूच्या तोंडावर म्हटलं. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, कारण व्रण भरताना कडा थोडी परत आत येणार हे धरलेलं असतं. दोन महिन्यांत ती जागेवर आली.

काकूला फरक केव्हा कळला? टाके निघायच्या आधीच. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काही टोचत नाहीये, म्हणून झोप येत नाहीये." तीस वर्षांची सवय गेली होती.

आता चिमट्याच्या बाजूनं बोलायला हवं, नाहीतर हे भांडण खोटं होईल. चिमटा नेहमीच चूक नसतो. इथिओपियात तेराशे लोकांवर झालेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे सहापेक्षा कमी केस आत वळले होते अशांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना चांगला चिमटा देऊन घरच्या कुणाला तरी केस काढायला शिकवलं. दोन वर्षांनंतर नजर आणि पारपटल यांत दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. पण केस वाढत जाऊन प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाण्याचं प्रमाण चिमट्याच्या गटात सुमारे १३ टक्के होतं आणि ऑपरेशनच्या गटात सुमारे २. म्हणजे केस मोजके असतील, नजर शाबूत असेल, चिमटा चांगल्या टोकाचा असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवून असेल, तर तोवर चिमटा चालतो. आमच्याकडे यांतलं काय होतं? काट्यांचा चिमटा आणि मी.

ऑपरेशनही रामबाण नाही. व्रण शिल्लकच असतो, त्यामुळे काही जणांत केस पुन्हा आत येतात. इथिओपियातल्याच हजार जणांच्या दुसऱ्या चाचणीत (२०१६) आतून छेद घेण्याच्या या पद्धतीत वर्षभरात सुमारे १३ टक्के लोकांना केस पुन्हा लागले, तर आरपार छेदाच्या पद्धतीत सुमारे २२ टक्के. म्हणून डॉक्टरला विचारा, की कुठली पद्धत करणार, आणि सहा महिन्यांनी दाखवायला जा. काकूच्या उजव्या पापणीच्या कोपऱ्यातला एक केस सहाव्या महिन्यात पुन्हा आत आलाच. बुबुळाला लागत नाही, म्हणून त्यावर फक्त लक्ष ठेवलंय. आणि ऑपरेशननं डाग जात नाही. उजवा डोळा आजही ६/६० च आहे. डाव्याचा मोतीबिंदू पापणी बरी झाल्यावर काढला, तो आता ६/१२. तेवढा वाचला.

"आपल्याकडे हे सगळं प्राचीन काळापासून घरगुती उपायांनी होत होतं," असं एका काकांनी फोनवर सुनावलं. काका, सुश्रुतसंहितेत या दुखण्याला पक्ष्मकोप म्हटलंय, आणि उत्तरतंत्रात त्याला चक्क शस्त्रक्रिया सांगितलीय. पापणीवरची जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी कापून काढायची, केसानं शिवायचं, कपाळावर पट्टी बांधून टाके तिला अडकवायचे. शिवाय सुश्रुतानं हे दुखणं 'याप्य' गटात टाकलंय, म्हणजे आटोक्यात राहणारं पण समूळ न जाणारं. पुन्हा उलटण्याचा धोका त्याला ठाऊक होता. तेव्हा परंपरा सांगायचीच तर चिमट्याची नको, शस्त्राची सांगा.

आता त्या बातमीकडे परत येतो. प्रमाणपत्र खोटं नाही. १९६३ पासून सरकारचा खुपऱ्यांवर कार्यक्रम चालला, आणि आजची बिकानेरची मुलं काकूसारखी रांगेत बसून रोग वाटून घेत नाहीत ही मोठी गोष्ट आहे. पण प्रमाणपत्राच्या अटी वाचा. पंधरा वर्षांवरच्या लोकांत, आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेले आत वळलेल्या केसांचे रुग्ण ०.२ टक्क्यांहून कमी हवेत. म्हणजे लाखात दोनशेपर्यंत असू शकतात आणि तरी रोग 'संपतो'. म्हणूनच शेवटची अट अशी आहे, की पुढे सापडणाऱ्या रुग्णांना शोधून उपचार देणारी यंत्रणा हवी. व्रण वयाबरोबर आखडतो, त्यामुळे नवे रुग्ण अजून कित्येक वर्षं निघत राहणार. त्यांत बायका जास्त, कारण लहान मुलांना मांडीवर घेऊन संसर्गही त्यांनीच पुन्हा पुन्हा घेतला.

ती यंत्रणा म्हणजे शेवटी कुणीतरी पापणी उलटून बघणं. शिबिरवाल्यांनो, टॉर्च आणता तशी एक काडीही आणा. माणशी दीड मिनिट असतं ना? दोन सेकंद पुरतात. साठीच्या पुढच्या, डोळ्याला पाणी येणाऱ्या, उजेडाकडे पाठ करून बसणाऱ्या बाईला एवढंच विचारा, "आजी, लहानपण कुठे गेलं?"

आणि घरातल्यांनो, तुमच्याकडे कुणी पापणीचे केस उपटत असेल तर एकदा बाजूनं टॉर्च धरून बघा. केस बुबुळाला लागताना दिसतात. पापणी मधूनमधून भुंडी दिसली तर कुणीतरी उपटतंय हे नक्की, मग ती सांगो वा न सांगो. थेंब बदलत बसू नका. खुपऱ्या नसतील तरी बघा. डोळ्यात चुना उडून भाजलं असेल किंवा औषधाची भयंकर रिॲक्शन येऊन गेली असेल, तरी असाच व्रण होतो आणि पापणी अशीच वळते. डॉक्टरकडे जाऊन स्वतःच म्हणा, "पापणी उलटून बघता का?" मी हे वाक्य तीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

पितळी कडी अजून काकूच्या डब्यात आहे. परवा नातवाच्या पायात काटा गेला तेव्हा तिनंच ती काढून दिली.